"हिरवा दिवा म्हणजे आशा", पण पुढे काय? कादंबरीतल्या प्रतीकाचा माग काढून निबंधाचा मुद्दा कसा उभा करायचा

टीवाय आणि एमएच्या मुलामुलींचे निबंध वाचून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि प्रतीकावरच्या निबंधात दहापैकी आठजण एकाच जागी अडकतात. पहिलं वाक्य असतं, "या कादंबरीत अमुक वस्तू हे आशेचं प्रतीक आहे", आणि मग चार पानं कथानक. शेवटी परत तेच वाक्य, फक्त "अशा प्रकारे" लावून. मुलं आळशी असतात असं अजिबात नाही, कादंबरी वाचलेली असते, नोट्स असतात, कोट्ससुद्धा असतात. गडबड क्रमात होते. अर्थ आधी ठरवतात आणि मग त्याला जुळतील अशा जागा पुस्तकात शोधतात, खरंतर जागा आधी गोळा करायच्या आणि अर्थाला शक्य तितका वेळ थांबवून ठेवायचा.

म्हणून मी इथे एकच उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवतो, एफ. स्कॉट फिट्झगेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'मधला हिरवा दिवा. मुद्दाम हेच घेतलं, कारण याच्याबद्दलचं तयार उत्तर सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे तयार उत्तर आणि पुराव्यातून आलेलं उत्तर यातला फरक इथे लगेच दिसतो. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच: १९२२ सालचा उन्हाळा, न्यूयॉर्कजवळचं लाँग आयलंड, खाडीच्या एका काठाला वेस्ट एग आणि समोरच्या काठाला ईस्ट एग. वेस्ट एगमध्ये गॅट्सबी राहतो, समोर त्याची जुनी प्रेयसी डेझी नवऱ्यासोबत, म्हणजे टॉमसोबत राहते, आणि गोष्ट सांगतो गॅट्सबीचा शेजारी निक, जो डेझीचा लांबचा भाऊ लागतो. डेझीच्या घरासमोर पाण्यात जो धक्का आहे त्याच्या टोकाला रात्रभर एक हिरवा दिवा जळतो. बस.

## १. तयारी: एक एडिशन, दोन वाचनं, एक वही

आधी एडिशन ठरवा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. अर्धे कोट मोबाइलवरच्या पीडीएफमधून आणि अर्धे लायब्ररीच्या कॉपीतून घेतले की पेज नंबर जुळत नाहीत हा त्रास तर आहेच, पण शब्दसुद्धा बदलतात. याच कादंबरीच्या शेवटच्या पानावर, हिरव्या दिव्याच्याच वाक्यात, १९२५च्या पहिल्या आवृत्तीत 'ऑर्गॅस्टिक' असा शब्द आहे आणि १९४१च्या आवृत्तीत संपादकाने तो 'ऑर्गिॲस्टिक' केला, पुढे बऱ्याच छापील प्रतींमध्ये तोच राहिला. तुमचा निबंध शब्दांवर उभा राहणार असेल तर आपण कुठला मजकूर वाचतोय हे माहीत पाहिजे.

पहिलं वाचन नुसतं वाचा, पेन्सिल हातात नको. दुसरं वाचन पेन्सिल घेऊन, आणि यावेळी फक्त एकच वस्तू पकडायची. हिरवा दिवा, आणि राखेच्या मैदानावरचे जाहिरातीतले डोळे, आणि पिवळी गाडी, असं सगळं एकदम पकडायला गेलात की दोन हजार शब्दांच्या निबंधात प्रत्येकाला एकेक परिच्छेद मिळतो आणि मुद्दा कुठलाच पूर्ण होत नाही.

वस्तू निवडताना मी तीन गोष्टी बघतो. ती कथेत खरोखरची वस्तू असली पाहिजे, म्हणजे कोणीतरी तिला बघतं, हात लावतं, तिच्याबद्दल बोलतं. ती किमान तीन वेळा आली पाहिजे. आणि त्या तीन वेळांमध्ये काहीतरी बदललं पाहिजे. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण दर वेळी अगदी तशीच येणारी वस्तू असेल तर तिच्याबद्दल एक वाक्य लिहून संपतं, निबंध होत नाही.

तपासणी: "ही वस्तू पहिल्यांदा येते तेव्हा आणि शेवटी येते तेव्हा यात काय फरक आहे?" याचं ओबडधोबड का होईना पण एक उत्तर सुचतंय का? नसेल सुचत तर आत्ताच दुसरी वस्तू घ्या, नंतर बदलणं फार महागात जातं.

## २. सगळ्या जागा शोधा, सर्चच्या पलीकडे जाऊन

डिजिटल कॉपी असेल तर आधी सर्च करा. `green light` टाकलं की पाच वाक्यं मिळतात, आणि ती पाच वाक्यं फक्त तीन ठिकाणी आहेत: पहिल्या चॅप्टरचा शेवट, पाचव्या चॅप्टरमध्ये खिडकीपाशी, आणि नवव्या म्हणजे शेवटच्या चॅप्टरचं शेवटचं पान. नऊ चॅप्टरच्या कादंबरीत तीनच ठिकाणं. "संपूर्ण कादंबरीभर हिरवा दिवा चमकत राहतो" असं वाक्य मी किमान वीस निबंधांत वाचलं असेल, आणि ते सरळ चूक आहे हे दोन मिनिटांच्या सर्चमध्ये कळलं असतं.

पण बरेचजण इथेच थांबतात. सर्च शब्द शोधतो, प्रतीक शोधत नाही. वस्तूचं नाव न घेता तिच्याबद्दल बोलणाऱ्या जागा, वस्तू जिथे असायला हवी होती पण नाहीये अशा जागा, आणि वस्तूसोबत आलेली एखादी हालचाल जी दुसरीकडे वस्तूशिवाय परत येते, या तीन प्रकारच्या जागा सर्चमध्ये येत नाहीत. त्या दुसऱ्या वाचनातच सापडतात. मला सापडलेल्या सांगतो.

चौथ्या चॅप्टरमध्ये डेझीची मैत्रीण जॉर्डन निकला सांगते की गॅट्सबीने ते घर घेतलंच यासाठी की डेझी खाडीच्या अगदी समोर असावी. तिथे दिव्याचं नाव नाही, पण निकला त्या क्षणी कळतं की जूनमधल्या त्या रात्री हा माणूस नुसता ताऱ्यांकडे बघत नव्हता. म्हणजे पहिल्या चॅप्टरमधल्या दिव्याला पत्ता मिळतो तो इथे.

सातव्या चॅप्टरमध्ये, भर उन्हात, गॅट्सबी डेझीच्या घरी जेवायला आलेला आहे. व्हरांड्यातून तो हात उचलून खाडीपलीकडे दाखवतो आणि टॉमला सांगतो की मी बरोब्बर तुमच्या समोर राहतो. बाजू उलटी झालीये, आता तो दिव्याच्या काठावर उभा राहून स्वतःच्या घराकडे बघतोय, आणि दिव्याचा उल्लेख शून्य.

आठव्या चॅप्टरमध्ये एक जुनी आठवण येते. डेझीचं लग्न झाल्यानंतर गॅट्सबी एकटाच लुईव्हिलला, तिच्या गावी जाऊन येतो, आणि परत निघालेल्या ट्रेनमधून तो हात लांब करतो, जणू त्या गावाच्या हवेचा एखादा तुकडा तरी मुठीत यावा. पहिल्या चॅप्टरमध्ये दिव्याकडे बघताना त्याने हात असेच लांब केले होते. आणि ही ट्रेनची घटना काळाच्या हिशोबाने दिव्याच्या आधीची आहे, तेव्हा ना ते घर होतं ना तो दिवा. ही जागा मला तिसऱ्या का चौथ्या वाचनात दिसली, आणि तिच्यामुळे माझा सगळा मुद्दा फिरला.

सावधान: हिरवा रंग आणि हिरवा दिवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं `green` शोधलंत तर गाडीतलं हिरवं लेदर येईल, सहाव्या चॅप्टरमध्ये डेझी गंमतीने देते ती हिरवी कार्डं येतील, सातव्यात उन्हात हिरवा दिसणारा गॅरेजवाल्या विल्सनचा चेहरा येईल, आणि गॅट्सबीच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर मायकेलिस हा साक्षीदार पोलिसाला गाडी फिकट हिरवी होती असं सांगतो तेही येईल. हे सगळं एका टोपलीत टाकून "हिरवा रंग आशा, पैसा, मत्सर आणि मृत्यू दाखवतो" असं लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. एकच अपवाद मी ठेवला, तो पुढे येईल.

## ३. प्रत्येक जागेला तेच प्रश्न विचारा

जागा मिळाल्या की प्रत्येकीला वहीचं एक पान द्या आणि खालचे चार प्रश्न सगळीकडे सारखेच विचारा. सारखेच हे महत्त्वाचं, कारण तुलना करायची आहे, आणि एका ठिकाणी भाषा बघितली नि दुसऱ्या ठिकाणी प्रसंग बघितला तर तुलना होतच नाही.

1. वस्तू आत्ता डोळ्यांना दिसतेय, की तिच्याबद्दल बोललं जातंय, की ती आठवतेय?
2. बघणारा कुठे उभा आहे, किती लांब?
3. अर्थ देणारे शब्द कोणाचे आहेत, पात्राचे की निवेदकाचे?
4. त्याच्या लगेच आधी आणि लगेच नंतर काय होतं?

आता हे भरून बघू.

पहिला चॅप्टर. दिवा दिसतो. निक डेझीकडचं जेवण आटोपून घरी आलाय, म्हणजे तासाभरापूर्वी तो त्याच घरी होता जिथला तो दिवा आहे, आणि तिथे असताना कोणाच्याच बोलण्यात दिवा आला नाही. आता तो स्वतःच्या अंगणातून गॅट्सबीला बघतो, गॅट्सबी काळोख्या पाण्याकडे हात लांब करून थरथरतोय. निक त्या दिशेला बघतो तर एक बारीकसा, लांबचा हिरवा दिवा, बहुतेक एखाद्या धक्क्याच्या टोकाचा. अर्थ कोणीही सांगत नाही. परत वळून बघेपर्यंत गॅट्सबी नाहीसा.

पाचवा चॅप्टर. हे पान भरताना बहुतेकजण चुकतात. मी विचारतो, इथे दिवा दिसतो का? उत्तर येतं, हो, दोघं खिडकीतून दिवा बघतात. नाही बघत! पाऊस पुन्हा सुरू झालाय, तिघंही खिडकीपाशी रांगेत उभे आहेत, आणि गॅट्सबी म्हणतो की हे धुकं नसतं तर खाडीपलीकडे तुझं घर दिसलं असतं, तुझ्या धक्क्याच्या टोकाला रात्रभर हिरवा दिवा असतो. घरच दिसत नाहीये, दिवा कुठून दिसणार. इथे दिवा फक्त बोलण्यात आहे. आणि संपूर्ण कादंबरीत गॅट्सबी स्वतःच्या तोंडाने दिव्याबद्दल बोलतो ते एवढंच एक वाक्य, साधं, माहितीवजा. डेझी पटकन त्याच्या हातात हात घालते. मग निक सांगतो की बहुधा त्याला जाणवलं असावं की त्या दिव्याचं प्रचंड महत्त्व आता कायमचं संपलं, जो दिवा डेझीच्या इतका जवळ वाटायचा जितका तारा चंद्राच्या जवळ वाटतो, तो आता परत धक्क्यावरचा एक हिरवा दिवा झाला.

तो "बहुधा" वहीत गोल करून ठेवा. गॅट्सबीच्या मनात काय आलं हे निकला माहीत नाही, तो अंदाज करतोय.

नववा चॅप्टर. गॅट्सबी मेलाय, उन्हाळा संपलाय, काठावरची मोठी घरं बहुतेक बंद झालीयेत. निक रात्री वाळूवर येऊन बसतो, आजूबाजूला दिवे जवळजवळ नाहीतच, फक्त खाडीतून जाणाऱ्या एका फेरीबोटीचा हलता उजेड. हिरवा दिवा इथे दिसत नाही, निकला गॅट्सबीचं ते पहिलं आश्चर्य आठवतं. त्याच्या जरा आधी तो जुन्या डच खलाशांचा विचार करतो, ज्यांना हा किनारा नव्या जगाची ताजी हिरवी छाती वाटला होता. (हा माझा एकमेव अपवाद, कारण हे हिरवं आणि तो हिरवा दिवा एकाच पानावर, एकाच विचारात, लेखकाने शेजारी ठेवलेत.) आणि मग दिव्यावरून तो "आपल्या" सगळ्यांच्या भविष्याबद्दल बोलायला लागतो, जे वर्षानुवर्षं मागे सरकत राहतं, आणि म्हणतो उद्या आपण अजून जोरात धावू, हात अजून लांब करू. परत तेच हात.

तपासणी: चारही प्रश्नांची उत्तरं मजकुरात बोट ठेवून दाखवता येतात का? "मला वाटतं खिडकीतून दिवा दिसत असणार" हे चालणार नाही. एकही उत्तर आठवणीतून लिहिलं असेल तर पान उघडून परत बघा, सिनेमा बघितलेला असेल तर नक्कीच बघा, कारण सिनेमातली दृश्यं नकळत नोट्समध्ये शिरतात.

## ४. पानं शेजारी ठेवा, काय बदलतं आणि काय तसंच राहतं

आता तीन पानं टेबलावर एका ओळीत ठेवा आणि पहिल्या प्रश्नाची उत्तरं नुसती डावीकडून उजवीकडे वाचा. दिसतो. बोलण्यात येतो. आठवतो. म्हणजे इतका प्रसिद्ध दिवा, पण कादंबरीत तो प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसतो एकदाच. मग तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचा. अर्थ नाही. निकचा अंदाज, एका माणसापुरता. निकचं ठाम विधान, सगळ्या माणसांबद्दल.

एक रेष खाली उतरतेय आणि दुसरी वर चढतेय. दिवा जितका दिसेनासा होतो तितका त्याच्यावरचा अर्थ वाढत जातो. हे "दिवा म्हणजे आशा" पेक्षा फार वेगळं आहे, आणि हे मी कुठल्या गाइडमधून घेतलं नाही, चार प्रश्नांच्या उत्तरांतून आपोआप वर आलं.

काय तसंच राहतं तेही बघा. लांब केलेले हात पहिल्या, आठव्या आणि नवव्या चॅप्टरमध्ये आहेत, आणि आठव्यातल्या हातांसमोर दिवा नाहीच. यावरून असं दिसतं की ओढ आधीची आहे, दिवा नंतर तिच्या वाटेत आला. दिव्याच्या जागी एकदा गाव होतं, शेवटी भविष्य आहे.

सावधान: या टप्प्यावर एखादी सुंदर पण सैल जागा हमखास मोह घालते. माझ्या बाबतीत ती आठव्या चॅप्टरची सुरुवात होती: गॅट्सबी अपघाताच्या रात्री डेझीच्या घराबाहेर पहारा देत उभा असतो, आणि पहाटे चारच्या सुमाराला ती खिडकीत येते, मिनिटभर उभी राहते, आणि दिवा मालवते. हा हिरवा दिवा नाही, खोलीतला दिवा आहे. मला ते इतकं आवडलं होतं की मी अख्खा परिच्छेद त्यावर लिहिला, आणि नंतर तो काढून एक वाक्य ठेवलं, तेही "इथे दिवा वेगळा आहे, पण" असं स्पष्ट म्हणून. तुमची आवडती जागा मुद्द्याला किती वजन देते ते प्रामाणिकपणे बघा.

## ५. निरीक्षणाचा दावा करा

निरीक्षण आणि दावा यात एक पायरी आहे. "दिवा एकदाच दिसतो" हे निरीक्षण, ते कोणीही नाकारणार नाही. दाव्यावर समजूतदार वाचक वाद घालू शकला पाहिजे, आणि तुमच्याकडे त्याला दाखवायला पानं पाहिजेत. तीन मसुदे बघा.

पहिला: "हिरवा दिवा हे गॅट्सबीच्या आशेचं आणि अमेरिकन ड्रीमचं प्रतीक आहे." याला कोणी नाही म्हणणार नाही, म्हणून यावर लिहिण्यासारखंही काही उरत नाही.

दुसरा: "हिरव्या दिव्याचा अर्थ कादंबरीत बदलत जातो." बरा आहे, पण कसा बदलतो, का बदलतो, काही नाही. नव्वद टक्के मुलं इथे पोचून खुश होतात आणि मला ते बघून हळहळ वाटते, कारण अजून एक ढकलायचं असतं फक्त.

तिसरा: "हिरवा दिवा कादंबरीत एकदाच प्रत्यक्ष दिसतो, आणि तो नजरेआड होत जातो तसतसा निक त्याला मोठा अर्थ देत जातो, त्यामुळे शेवटच्या पानावरचा दिवा गॅट्सबीच्या स्वप्नापेक्षा निकच्या गरजेबद्दल, म्हणजे एका फुकट गेलेल्या आयुष्याला अर्थ असावा या गरजेबद्दल, जास्त सांगतो."

यात काय होतं, कसं होतं आणि त्यातून काय निघतं, तिन्ही आहे. आणि कोणी म्हणू शकतं की नाही, शेवटचा अर्थ गॅट्सबीचाच आहे, निक फक्त तो बोलून दाखवतो. म्हणू दे. त्या वादासाठीच तर निबंध लिहायचाय.

तपासणी: तुमच्या दाव्यातून कादंबरीचं आणि वस्तूचं नाव काढून दुसऱ्या कुठल्याही कादंबरीचं घाला. वाक्य तरीही खरं वाटलं तर दावा अजून सैल आहे.

## ६. परिच्छेदांचा क्रम

इथे दुसरी मोठी चूक होते. चॅप्टर एक, मग पाच, मग नऊ अशा क्रमाने लिहिलं की निबंध परत कथानक सांगायला लागतो, हाताला सवयच असते ती. प्रत्येक परिच्छेदाने दाव्याचा एक भाग सिद्ध करायचा असतो, त्यासाठी जी जागा लागेल ती आणायची, चॅप्टर कुठलाही असो. मी या निबंधाचा आराखडा असा केला होता:

1. दावा, आणि दिवा फक्त तीन ठिकाणी येतो ही वस्तुस्थिती.
2. दिवा फक्त एका काठावरून दिसतो. पहिला आणि सातवा चॅप्टर एकत्र. डेझीच्या काठावर तो कोणाच्या गणतीतच नाही.
3. धुक्यातलं बोलणं आणि निकचा "बहुधा". पाचवा चॅप्टर एकटा, सगळ्यात लांब परिच्छेद.
4. हात आधीचे, दिवा नंतरचा. आठवा चॅप्टर, मग पहिल्याकडे परत.
5. "तो"चं "आपण" कसं झालं. नववा चॅप्टर, डच खलाशी इथे.

बघा, सातवा चॅप्टर दुसऱ्या परिच्छेदात आलाय आणि पहिला दोनदा आलाय. अमेरिकन ड्रीमला पाचव्या मुद्द्यात जागा मिळाली, कारण डच खलाशांमुळे तिथे मजकुरातच त्याला आधार आहे. सुरुवातीलाच ते शब्द टाकले असते तर बाकी सगळं त्याच्याखाली दबलं असतं.

तपासणी: प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य कागदावर एकाखाली एक लिहा. पाच वाक्यं सलग वाचून मुद्दा समजतो का? "मग गॅट्सबी डेझीला भेटतो" असं एखादं पहिलं वाक्य दिसलं तर तो परिच्छेद गोष्ट सांगतोय, परत लिहा.

## ७. एक परिच्छेद आतून कसा बांधायचा

तिसरा परिच्छेद लिहून दाखवतो. मराठीत लिहितोय, इंग्रजीत लिहिणार असाल तरी बांधणी हीच.

> पाचव्या चॅप्टरमध्ये दिव्याचं महत्त्व संपल्याचं आपल्याला सांगितलं जातं, पण ते सांगतो निक, गॅट्सबी नव्हे. गॅट्सबी फक्त एवढंच म्हणतो की धुकं नसतं तर घर दिसलं असतं आणि तिच्या धक्क्यावर रात्रभर हिरवा दिवा असतो. या वाक्यात दुःख किंवा निराशा दाखवणारा एकही शब्द नाही. त्यानंतरचं सगळं, दिव्याचं प्रचंड महत्त्व, तारा आणि चंद्राची उपमा, मंतरलेल्या वस्तूंपैकी एक कमी झाल्याचा हिशोब, हे निकचं आहे आणि त्याची सुरुवात "बहुधा" या शब्दाने होते. बाहेर धुक्यात काहीच दिसत नसताना निक दिव्याबद्दल पहिल्यांदा इतकं सविस्तर बोलतो. ज्या रात्री दिवा समोर दिसत होता त्या रात्री त्याने त्याला फक्त "बारीकसा आणि लांबचा" म्हटलं होतं.

यात पहिलं वाक्य दाव्याचा तुकडा आहे, मग अगदी थोडा प्रसंग, मग शब्दांवर काम, आणि शेवटी पहिल्या चॅप्टरशी जोड. प्रसंगाला एक वाक्य आणि शब्दांना तीन, हे प्रमाण साधारण पाळा. वाचणाऱ्या सरांनी किंवा मॅडमनी कादंबरी वाचलेली आहे, त्यांना गोष्ट सांगायची गरज नसते, तुम्ही कुठल्या शब्दापाशी थांबलात ते त्यांना बघायचं असतं.

मोठे कोट टाकू नका. चार ओळींचा कोट टाकून खाली "यावरून हे सिद्ध होतं" लिहिलं की काहीच सिद्ध होत नाही. ज्या दोन-तीन शब्दांवर तुमचा मुद्दा टेकलाय तेवढेच उचला.

## ८. विरुद्ध जाणारा पुरावा स्वतःच आणा

माझ्या दाव्याला सगळ्यात जास्त त्रास देणारी जागा पाचव्या चॅप्टरमध्येच आहे. मी म्हणतोय अर्थ वाढत जातो, आणि तिथे तर स्पष्ट लिहिलंय की महत्त्व कायमचं संपलं. पहिल्यांदा मी हे टाळलं होतं, आणि निबंध वाचणाऱ्या मैत्रिणीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. मग कळलं की हाच प्रश्न सोडवला तर मुद्दा धारदार होतो: महत्त्व संपतं ते गॅट्सबीसाठी, तेही निकच्या अंदाजाने, कारण आता डेझी शेजारी उभी आहे. निकसाठी मात्र तो दिवा तिथून सुरू होतो, आणि चार चॅप्टरनंतर गॅट्सबी नसताना तो निकच्याच तोंडी परत येतो. हे मी तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी दोन वाक्यांत घातलं.

असा पुरावा शोधायला सोपी युक्ती म्हणजे वहीच्या पानांवर परत जाऊन प्रत्येक जागेला विचारा, "ही जागा माझ्या दाव्याविरुद्ध कशी वापरता येईल?" ज्या जागेचं उत्तर लगेच सुचलं तीच जागा निबंधात घ्या. त्या आक्षेपाला तोंड देताच येत नसेल तर दावा थोडा आवळा. माझ्या पहिल्या मसुद्यात "अर्थ फक्त निकच देतो" असं होतं. पण ज्या माणसाने केवळ समोर राहता यावं म्हणून घर घेतलं त्याच्यासाठी दिव्याला काहीच अर्थ नव्हता असं कसं म्हणणार, जॉर्डनचं चौथ्या चॅप्टरमधलं सांगणं आडवं येतं. म्हणून ते "मोठा अर्थ निक देत जातो" असं केलं. एक "फक्त" काढला आणि दावा टिकला.

शेवटचा हात फिरवताना निबंधात "प्रतीक" हा शब्द कितीदा आलाय ते मोजा. माझ्या त्या निबंधात पहिल्या मसुद्यात तो सतरा वेळा होता. प्रत्येक ठिकाणी त्याच्या जागी दिवा नेमकं काय करतो ते क्रियापद घालून बघितलं, दिसतो, लपतो, परत येतो, आठवतो, आणि शेवटी "प्रतीक" तीन ठिकाणी उरला.